मिटलेले ओठ, उघडं हसू: ग्रुप फोटोतलं हसू बदलून द्यायचं काम कसं करायचं

व्हिडिओमध्ये आपण स्क्रीनवर काम करून पाहिलं. पण तिथे आकडे पटापट पुढे जातात, म्हणून तेच काम इथे सावकाश लिहून देतोय. ज्यांना फोटो स्टुडिओ किंवा घरबसल्या फोटो एडिटिंगचं काम सुरू करायचंय, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

गिऱ्हाईक काय मागतं ते आधी बघू. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा ग्रुप फोटो आहे. नऊ माणसं, दोन रांगा. सगळे छान हसतायत, फक्त मोठे दादा तोंड मिटून गंभीर उभे. फोटो १२ बाय १८ इंचाच्या फ्रेममध्ये लावायचाय. "दादांना जरा हसवा ना!" एवढीच मागणी.

आता बरेच जण काय करतात? AI वर चालणारं एखादं ॲप उघडतात, स्माइलचं बटण दाबतात आणि पाच सेकंदांत दादा दात दाखवून हसायला लागतात. दात पांढरेशुभ्र, एका ओळीत, जाहिरातीतल्यासारखे. तुम्ही खूश. फोटो घरी जातो आणि वहिनी पहिल्याच नजरेत म्हणतात, "हे आमचे नाहीतच!" कारण दादांच्या वरच्या पुढच्या दोन दातांत फट आहे. घरातल्या प्रत्येकाने ती तीस वर्षं पाहिलीय.

ॲपचा यात दोष नाही. मिटलेल्या तोंडाच्या फोटोत दातांची माहितीच नसते. सॉफ्टवेअरने हजारो हसरे चेहरे पाहिलेले असतात, त्यातून ते सर्वसाधारण दात भरून टाकतं. म्हणून या कामाची सुरुवात सॉफ्टवेअरपासून करू नका, गिऱ्हाईकाकडून दुसरा फोटो मागण्यापासून करा. त्याच माणसाचा, दात दिसणारा, शक्यतो गेल्या दोन-चार वर्षांतला. दर सांगायच्या आधीच तो मागा. हा फोटो मिळाला तर काम वेगळं आणि नाही मिळाला तर काम वेगळं.

असा फोटो निवडताना तीन गोष्टी बघा. चेहरा ग्रुप फोटोत ज्या बाजूला वळलाय, साधारण त्याच बाजूला वळलेला हवा. फोटो फार जवळून काढलेला नको. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत नाक आणि पुढचे दात खऱ्यापेक्षा मोठे येतात. तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. काही फोन सेल्फी उलटी, म्हणजे आरशात दिसते तशी सेव्ह करतात. तसा फोटो वापरला तर डावा वाकडा दात उजवीकडे जातो. शर्टावरची अक्षरं, केसांचा भांग किंवा चेहऱ्यावरचा तीळ ग्रुप फोटोशी ताडून पाहिला की लगेच कळतं.

आता माप. इथे एक साधा हिशोब फार उपयोगी पडतो. मोठ्या माणसाच्या दोन डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर सरासरी ६३ मिलिमीटर असतं. वरच्या मधल्या दोन पटाशीच्या दातांपैकी एकेक साधारण साडेआठ मिलिमीटर रुंद, म्हणजे दोन मिळून १७. थोडक्यात, समोरून पाहिल्यावर मधले दोन दात मिळून बाहुल्यांमधल्या अंतराच्या पावपटीहून किंचित जास्त भरतात. माणसागणिक थोडा फरक पडणारच, पण तिप्पट मोठे किंवा निम्मे दात आले तर या हिशोबात ते लगेच सापडतात.

आपल्या फोटोत दादांच्या बाहुल्यांमधलं अंतर मोजलं तर १२६ पिक्सेल निघालं. म्हणजे एका मिलिमीटरला दोन पिक्सेल, आणि एक दात जेमतेम १७ पिक्सेल रुंद. फोटो ६००० पिक्सेल रुंद आहे, तो १८ इंचांवर छापला की हा दात कागदावर सव्वा मिलिमीटरच्या आसपास येतो. तेव्हा दातावरची चमक, रेषा असलं बारीक काम करण्यात वेळ घालवू नका. दिसणार आहे तो आकार, सावली आणि ती फट.

चला, काम सुरू करू. मूळ फाईलची कॉपी करा. दादांचा चेहरा मध्ये घेऊन ५१२ बाय ५१२ पिक्सेलचा तुकडा कापा आणि तो दुप्पट, १०२४ बाय १०२४ करा. हे का? संपूर्ण फोटो दिला तर सॉफ्टवेअरला तोंडासाठी फार थोडे पिक्सेल मिळतात आणि दातांचा चिखल होतो. (Stable Diffusion च्या वेब स्क्रीनवर `Only masked` हा पर्याय हेच करतो. पण हाताने कापलेला तुकडा आपल्या ताब्यात राहतो, म्हणून मला तेच बरं वाटतं.)

आता दुसऱ्या फोटोतून दादांचे दात, ओठांसकट, कापून नव्या लेयरवर ठेवा. त्या फोटोत बाहुल्यांमधलं अंतर ४२० पिक्सेल असेल आणि आपल्या दुप्पट केलेल्या तुकड्यात ते २५२ आहे, तर कापलेला भाग ६० टक्क्यांवर आणायचा. अंदाजाने ओढाताण करायची नाही. मग वार्प वापरून ओठांचे कोपरे जुळवा. नाकाच्या मध्यापासून हनुवटीच्या मध्यापर्यंत एक रेघ मनात धरा. दुसऱ्या फोटोत मधली फट या रेघेपासून जेवढी सरकलेली असेल तेवढीच इथेही सरकलेली राहू द्या. बऱ्याच जणांचे दात थोडे सरकलेले असतात.

आता खरी गंमत ओठांची आहे. माणूस हसतो तेव्हा तोंड फक्त खालून उघडत नाही. कोपरे वर आणि बाहेर ओढले जातात, वरचा ओठ वर चढतो आणि पातळ होतो, नाक आणि ओठ यांच्यातलं अंतर कमी होतं. दादांना मिशी आहे. मिशी जागच्या जागी ठेवून खाली दात बसवले तर दादा डेंटिस्टकडे 'आ' करून बसल्यासारखे दिसतील. मिशीसुद्धा वर सरकून रुंद व्हायला हवी. म्हणून मास्क फक्त ओठांपुरता काढू नका. वर नाकाच्या टोकाखालपासून, खाली हनुवटीच्या वरच्या भागापर्यंत, आणि दोन्ही बाजूंना नाकापासून ओठाकडे येणाऱ्या घड्या ओलांडून थोडा गालावर, एवढा मास्क हवा. नाक आणि डोळे बाहेर ठेवा.

मास्क आतून भरताना `Denoising strength` हा एकच आकडा सगळं ठरवतो. तो जितका जास्त, तितकं सॉफ्टवेअर खालचं चित्र विसरतं. मिटलेल्या ओठांवर थेट काम केलं तर ०.४ ला काहीच बदलत नाही, ओठ मिटलेलेच राहतात. ०.८ ला तोंड उघडतं, पण दात कुणा दुसऱ्याचे येतात. आपण खरे दात आधीच ठेवलेत, त्यामुळे ०.३ ते ०.४ पुरतं. त्याचं काम फक्त सांधे मिटवणं, मिशीचे केस जुळवणं आणि उजेड एकसारखा करणं. लिहायचा मजकूर छोटा ठेवा:

```
natural smile, mouth slightly open, upper teeth visible, small gap between front teeth, moustache, warm indoor light
```

चार-पाच नमुने काढा. फट बुजलेली दिसली तर आकडा ०.०५ ने खाली आणा. एका नमुन्यात मिशी चांगली आणि दुसऱ्यात दात चांगले असं हमखास होतं, तेव्हा दोन्ही लेयरवर घेऊन चांगला भाग तेवढा ठेवा.

हिरड्यांबद्दल माझा नियम साधा आहे. दुसऱ्या फोटोत हसताना हिरडी दिसत नसेल तर इथेही दिसता कामा नये. सॉफ्टवेअर पुष्कळदा दातांच्या वर सरळ गुलाबी पट्टी काढतं, आणि कवळी लावल्यासारखं दिसतं. खरी हिरडी प्रत्येक दातावर कमानीसारखी वळते आणि दोन दातांच्या मध्ये छोट्या त्रिकोणासारखी खाली येते. पट्टी आलीच तर वरचा ओठ थोडा खाली आणून ती झाका.

रंगाचं बघा. दात डोळ्यातल्या पांढऱ्या भागापेक्षा जास्त चमकत असतील तर ते खोटे वाटतात. हॉलमध्ये पिवळा उजेड होता, तर दातही पिवळसरच हवेत. मधले दात सगळ्यात उजळ, सुळ्यापासून मागे सावली वाढत जाते, आणि ओठाच्या कोपऱ्याजवळ थोडा काळोख असतो. हा काळोख राहिला नाही तर दात हार्मोनियमच्या पट्ट्यांसारखे एका पातळीत दिसतात. मोजूनही घ्या: मध्यरेषेच्या एका बाजूला पटाशीचे दोन, मग सुळा, मग एखाद-दुसरी उपदाढ. सॉफ्टवेअर मध्यावर तिसरा दात घुसवतं, हे अगदी नेहमीचं आहे.

मग डोळे. खाली खळखळून हसू आणि वर गंभीर डोळे, असा चेहरा विचित्र दिसतो, पण नेमकं काय चुकलंय ते गिऱ्हाईकाला सांगता येत नाही. फ्रेंच डॉक्टर द्युशेन यांनी १८६२ मध्येच दाखवलं होतं की मनापासूनच्या हसण्यात डोळ्याभोवतीचा स्नायूही आवळतो. फोटोशॉपच्या `Liquify` मध्ये खालची पापणी अगदी दोन-तीन पिक्सेल वर घ्या आणि गाल किंचित उचला. तिथला `Smile` स्लायडर फक्त ओठांचे कोपरे हलवतो, दात तयार करत नाही, पण या कामाला तो चांगला.

शेवटी तुकडा निम्मा करून मूळ जागी बसवा. नवा भाग जास्त गुळगुळीत असतो, आजूबाजूला कॅमेऱ्याचे कण असतात. तेवढेच कण नव्या भागावर टाका. फोटो आडवा उलटवून एकदा बघा, तिरकेपणा लगेच डोळ्यात येतो. मग कागदावर येईल त्याच आकारात बघा.

आता दात दिसणारा दुसरा फोटो मिळालाच नाही तर? वारलेल्या आजोबांच्या एकुलत्या एक फोटोबाबत असंच होतं. तिथे मी तोंड उघडून देत नाही. ओठ मिटलेलेच ठेवून कोपरे थोडे वर, डोळे थोडे मऊ, एवढंच. घरच्यांना ते पटतं, कारण त्यात कुणाचे उसने दात नसतात. लग्नाच्या बायोडेटाच्या फोटोत फट बुजवून मागितली तर सरळ नाही म्हणा, समोरच्या घराची ती फसवणूक आहे. पासपोर्टच्या फोटोत तर तोंड मिटलेलंच लागतं, तिथे हे काम घेऊच नका.

पैसे घेऊन काम करणार असाल तर वापरता त्या टूलचं लायसन्सही वाचा. उदाहरणार्थ, LivePortrait चा कोड मोकळा आहे, पण त्याच्यासोबत चेहरा ओळखायला येणारी InsightFace ची मॉडेल्स व्यावसायिक वापरासाठी खुली नाहीत.

फोटो देण्याआधी फक्त चेहऱ्याचा भाग, मूळ आणि नवा शेजारी-शेजारी, गिऱ्हाईकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. आणि फोटो ज्यांचा आहे त्या दादांनाही दाखवायला सांगा, त्यांची हरकत नाही ना ते विचारून घ्या. "चालेल" असा मेसेज आला की मगच प्रिंट. मूळ फाईल वेगळ्या नावाने जपून ठेवा, सहा महिन्यांनी कुणीतरी ती मागतंच.