रेशनकार्ड रखडलं, तर तक्रार अशी लिहा

आमच्या घरात दोन चुली झाल्या त्या भांडणातून नव्हे, जागा पुरेना म्हणून. धाकटा भाऊ बायको-मुलांसह त्याच गावात पलीकडच्या आळीत राहायला गेला. रेशनकार्ड मात्र वडिलांच्या वेळचं, एकच. ते विभक्त करायचं तर आधी जुन्या कार्डावरून नावं कमी करून घ्यावी लागतात. मग तो दाखला जोडून नव्या शिधापत्रिकेचा अर्ज करायचा. त्याच्या घरातल्या चौघांची नावं २४ मे २०२४ रोजी कमी झाली आणि १० जूनला सेवा केंद्रातून नव्या कार्डाचा अर्ज ऑनलाइन गेला. पावतीवर सेवा देण्याची शेवटची तारीख होती १० जुलै.

नावं कमी झालेली असतात आणि नवीन कार्ड हातात नसतं, त्या मधल्या काळात माणूस कुठल्याच कार्डावर नसतो. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं, म्हणजे चौघांचं २० किलो बंद झालं. त्यातच भावाच्या बायकोचं ऑपरेशन ठरलं आणि रुग्णालयात जन आरोग्य योजनेच्या काउंटरवर शिधापत्रिका मागितली. जुन्या कार्डावर तिचं नाव नव्हतं आणि नव्याचा पत्ता नव्हता.

१० जुलै उलटली तशी भावाने १२ जुलैला राज्याच्या तक्रार निवारण पोर्टलवर तक्रार टाकली. मोबाइलवर, एका दमात. घरची परिस्थिती हलाखीची, दोन महिने धान्य नाही, कार्ड देत नाहीत, ऑफिसात दाद देत नाहीत, पैसेवाल्यांची कामं होतात, कृपया न्याय मिळावा. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. २६ जुलैला उत्तर आलं: ‘तालुक्याचा इष्टांक शिल्लक नसल्याने अर्जदारास सद्यस्थितीत धान्याचा लाभ देता येत नाही. सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.’

हे उत्तर नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण रेशनच्या बहुतेक तक्रारी याच वळणावर बंद होतात. शिधापत्रिका मिळणं आणि तिच्यावर स्वस्त किंवा मोफत धान्य मिळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. त्याखाली किती लोकांना धान्य द्यायचं याची राज्यागणिक कमाल संख्या ठरलेली आहे. महाराष्ट्रासाठी ती सुमारे ७ कोटी, आणि तिचा आधार २०११ ची जनगणना. हीच संख्या जिल्ह्यांत आणि तालुक्यांत वाटली जाते, तिला पुरवठा शाखेत इष्टांक म्हणतात. तालुक्याचा इष्टांक भरला असेल, तर जागा होईपर्यंत नवं कुटुंब प्राधान्य यादीत बसत नाही. उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असलं तरीही. इष्टांकाचा संबंध धान्याशी; कार्ड द्यायचं की नाही, हे त्यावरून ठरत नाही. इष्टांक संपलेला असतानाही नवीन शिधापत्रिका देता येते आणि द्यायची असते.

भावाच्या तक्रारीत दोन्ही गोष्टी एकत्र होत्या. ऑफिसने त्यातली सोपी निवडली, तिचं खरं उत्तर दिलं आणि दुसरीला हात न लावता तक्रार बंद केली. तक्रार पाहणाऱ्या कारकुनापुढे अशा कित्येक तक्रारी असतात आणि प्रत्येकीपुढे मुदतीचा काटा असतो. ज्या वाक्याचं उत्तर तयार आहे, तेच तो उचलणार.

मधल्या काळात, २२ जुलैला, मी पुरवठा शाखेत जाऊन आलो होतो. खिडकीवरचे बाबू सभ्य होते. म्हणाले, “काका, अर्ज आमच्याकडे बरोबर आहे. तलाठ्याचा चौकशी अहवाल आला नाही, तो आला की लगेच करू.” मी विचारलं, “अहवाल मागवला कधी?” त्यांनी रजिस्टर उलटून पाहिलं, ते मिटलं आणि “पाठवलंय ना” एवढंच म्हणाले. पत्राची तारीख सांगितली नाही. पुढच्या तक्रारीचा गाभा मला तिथेच मिळाला. विचारायचं ते ‘कार्ड का नाही’ असं मोघम नव्हे, तर ‘हा अहवाल कोणत्या तारखेला, कोणत्या पत्राने मागवला’ असं.

२९ जुलैला दुसरी तक्रार टाकली, ती अशी. क्रमांक इथे गाळले आहेत, मूळ तक्रारीत ते पूर्ण होते.

‘विषय: नवीन शिधापत्रिकेचा अर्ज विहित मुदतीत निकाली न काढल्याबाबत.

१) जुन्या शिधापत्रिकेतून चार नावे कमी केल्याचा दाखला, क्रमांक …, दि. २४/०५/२०२४ (प्रत सोबत).

२) नवीन शिधापत्रिकेचा अर्ज, पावती क्रमांक …, दि. १०/०६/२०२४. पावतीनुसार सेवेची अंतिम तारीख १०/०७/२०२४ (प्रत सोबत).

३) अर्जात त्रुटी असल्याचे आजपर्यंत लेखी कळविलेले नाही.

४) दि. २२/०७/२०२४ रोजी पुरवठा शाखेत चौकशी केली असता, तलाठी यांचा चौकशी अहवाल अप्राप्त असल्याचे तोंडी सांगण्यात आले.

५) यापूर्वीची तक्रार क्रमांक …, दि. १२/०७/२०२४, ही इष्टांकाच्या कारणास्तव दि. २६/०७/२०२४ रोजी बंद करण्यात आली. प्रस्तुत तक्रार धान्याच्या लाभाबाबत नसून केवळ शिधापत्रिकेबाबत आहे.

विनंती: चौकशी अहवाल कोणत्या दिनांकाच्या पत्राने मागविला ते कळवावे आणि शिधापत्रिका कोणत्या तारखेपर्यंत मिळेल ते लेखी कळवावे.’

एवढंच. गरिबीचा उल्लेख नाही, ऑपरेशनचाही नाही, लाचेचा तर नाहीच. लाच मागितली असेल तर तो वेगळा आणि गंभीर विषय आहे, त्याची तक्रार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे करावी. इथे ते एक वाक्य घातलं की उत्तर त्याच वाक्याला येतं: ‘सदर आरोपात तथ्य आढळून आले नाही.’

पाचही मुद्द्यांची कामं वेगवेगळी आहेत. पहिला मुद्दा सांगतो की जुन्या कार्डावर नावं नाहीत, म्हणजे ‘नाव दुसरीकडे चालू आहे’ हे कारण देता येत नाही. दुसऱ्यातली तारीख महत्त्वाची, कारण ती ऑफिसच्याच पावतीवरची आहे. उशीर किती झाला हे आपण सांगत नाही, पावती सांगते. तिसऱ्या मुद्द्यामुळे ‘कागदपत्रं अपुरी होती’ हे उत्तर मागाहून येऊ शकत नाही. आलंच तर ते कधी कळवलं, हा प्रश्न उभा राहतो. चौथा मुद्दा तोंडी उत्तराला कागदावर आणतो. त्यात बाबूंचं नाव घालायची गरज नाही, तारीख आणि शाखा पुरते. पाचवा मुद्दा जुनी पळवाट बंद करतो.

तक्रार कुणाच्या टेबलावर पडते, यावरही बरंच अवलंबून असतं. पोर्टलवर विभाग आणि कार्यालय निवडताना घाई करू नका. ग्रामीण भागात तालुक्याचं तहसील कार्यालय आणि त्यातली पुरवठा शाखा, मुंबईत शिधावाटप कार्यालय. नुसतं ‘महसूल’ निवडलं, तर ‘विषय या कार्यालयाशी संबंधित नाही’ म्हणून तक्रार परत येऊ शकते आणि तेवढे दिवस फुकट जातात. सोबतच्या प्रतींत आधार क्रमांकाचे पहिले आठ आकडे झाकून घ्या. तक्रार नोंदली की टोकन क्रमांकासह त्या पानाची प्रत काढून ठेवा.

आता सावधगिरीची मुख्य गोष्ट. पोर्टलवरची तक्रार आणि कायद्याखालचं अपील, हे एक नव्हे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवा मुदतीत मिळाली नाही, तर मुदत संपल्यापासून ३० दिवसांत प्रथम अपील करता येतं. सबळ कारण असेल तर उशिरा आलेलं अपील ९० दिवसांपर्यंत दाखल करून घेता येतं, पण ते अधिकाऱ्याच्या मर्जीवर. पोर्टलवरच्या तक्रारीला साधारण २१ कामकाजाचे दिवस धरलेले असतात. सुट्ट्या मिळवल्या की महिना तिथेच सरतो. तक्रार चालू आहे म्हणून अपिलाचे दिवस थांबत नाहीत. आमची मुदत १० जुलैला संपली, म्हणजे अपिलाचा शेवटचा दिवस ९ ऑगस्ट. पहिली तक्रार २६ जुलैला बंद झाली तोवर त्यातले निम्मे दिवस गेले होते. दुसरीच्या उत्तराची वाट पाहत बसलो असतो, तर उरलेलेही गेले असते.

म्हणून ७ ऑगस्टला प्रथम अपील दिलं. मजकूर जवळजवळ तोच, फक्त वर अधिनियमाचा उल्लेख आणि शेवटी ‘सेवा देण्याचे आदेश व्हावेत’ ही विनंती. अपील कुणाकडे करायचं हे कार्यालयातल्या फलकावर लिहिलेलं असतं. सेवा, मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपील अधिकारी यांची यादी लावणं कायद्याने बंधनकारक आहे. त्या फलकाचा फोटो काढून ठेवावा. अपिलाचा कागद ऑफिसला तक्रारीपेक्षा जड जातो, कारण पुरेशा कारणाशिवाय सेवा दिली नाही असं अपिलात ठरलं, तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

१४ ऑगस्टला पोर्टलवर उत्तर आलं: चौकशी अहवाल १३ ऑगस्टला प्राप्त झाला, शिधापत्रिका देण्याची कार्यवाही सुरू आहे. तो मागवला कधी, या प्रश्नाला उत्तर नव्हतं. अशा वेळी पोर्टल ‘समाधानी आहात का’ असं विचारतं. ‘कार्यवाही सुरू आहे’ या शब्दांवर ‘होय’ म्हणू नये. कार्ड हातात येईपर्यंत आम्ही ‘नाही’ हाच अभिप्राय ठेवला आणि अपीलही मागे घेतलं नाही. ‘कार्ड तयार होतंय, आता अपील कशाला?’ असा फोन भावाला आला होता. त्याने मला विचारलं, “दादा, काय सांगू?” मी म्हटलं, “कार्ड मिळाल्यावर तसं लिहून देऊ, म्हणून सांग.” सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कार्ड मिळालं. मग तसं लिहून दिलं.

कार्ड घेताना खिडकीवरच चारही नावं, जन्मतारखा आणि बारा अंकी क्रमांक ताडून घेतले, कारण तिथून बाहेर पडल्यावर सापडलेली चूक म्हणजे दुरुस्तीचा नवा अर्ज आणि नवी मुदत.

धान्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. प्राधान्य यादीत घेण्यासाठी वेगळा अर्ज दिला आहे, त्याची पोच वेगळी आहे. उत्तर पुन्हा इष्टांकाचंच येईल, हे धरून चाललो आहोत. तसं आलं तर पुढची विचारणा एवढीच असेल: मयत आणि स्थलांतरित लाभार्थ्यांची नावं तालुक्याने शेवटची कधी वगळली, त्यातून किती जागा मोकळ्या झाल्या आणि प्रतीक्षेत या अर्जाचा क्रमांक कितवा.