मान वळेना, घोट उतरेना

घसा दुखत असला की लहान मूल जेवताना कुरकुर करतं, हे घरोघरी माहीत असतं. पण ताप आणि घसादुखीबरोबर मान आखडली आणि मूल स्वतःची लाळसुद्धा गिळेनासं झालं, तर तो नेहमीचा घसा नसतो. माझ्या तीन वर्षांच्या मुलाला हे झालं, म्हणून जरा तपशिलात लिहिते.

सुरुवात सर्दीने झाली. मग ताप आला, घसा लाल झाला, औषध सुरू झालं. ताप उतरायचा तर चढतच गेला आणि एका सकाळी त्याची मान डावीकडे कललेली दिसली. मागून हाक मारली तर मान न वळवता तो खांद्यांसकट अख्खा वळला. मऊ वरणभाताचा घास त्याने तोंडात तसाच धरून ठेवला, गिळेना की थुंकेना. थोड्या वेळाने हनुवटीवरून लाळ ओघळायला लागली. बोलणंही तोंडात काही धरून बोलल्यासारखं येत होतं.

शेजारच्या काकू मायेने म्हणाल्या, "उशीवर मान अवघडली असेल गं, कोमट तेलाने चोळून दे." पण झोपेत अवघडलेल्या मानेबरोबर ताप नसतो आणि घोट अडत नाही. ताप असलेल्या मुलाची आखडलेली मान चोळायची नाही, ओढून सरळ करायची नाही. आम्ही त्याला तसाच उचलून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी आधी त्याच्या तोंडात काहीही घातलं नाही. त्याला माझ्या मांडीवर बसू दिलं आणि किल्ल्यांचा जुडगा नाकासमोर धरून हळूहळू छताकडे नेला. त्याचे डोळे वर गेले, भुवया वर गेल्या, पण हनुवटी तसूभरही उचलली नाही. "वर बघायला दुखतंय," ते म्हणाले. मेंदूज्वरातही मान ताठ होते, पण तिथे सहसा हनुवटी छातीला टेकवताना त्रास होतो. घशाच्या मागे पू झाला असेल, तर मान वर करणं आणि बाजूला वळवणं अवघड जातं. घरी मात्र हा फरक लावत बसू नये, कारण दोन्हीत त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठावं लागतं.

हे लहानग्यांनाच का होतं, तेही त्यांनी सांगितलं. घशाची मागची भिंत आणि मानेचे मणके यांच्यामध्ये बारीक लसिका ग्रंथी असतात. नाक, घसा, कान इथला जंतुसंसर्ग त्यांच्यापर्यंत पोचतो आणि कधी त्या पिकतात. साधारण पाच-सहा वर्षांनंतर या ग्रंथी आक्रसतात, म्हणून हा आजार जास्त करून त्याआधीच्या वयात दिसतो. तोंडात काडी, पेन्सिल किंवा टूथब्रश धरून पडलेल्या मुलाच्या घशामागेही असा पू होऊ शकतो. तसं काही घडलं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

रुग्णालयात मानेचा बाजूने एक्स-रे काढला आणि तो पुन्हा काढावा लागला. मूल रडत असलं किंवा मान पुढे झुकलेली असली, तर घशामागचा भाग उगाच जाड दिसतो. श्वास आत घेताना आणि मान थोडी मागे असताना दुसऱ्या मणक्यापुढचा हा भाग सात मिलिमीटरपेक्षा जाड दिसला, तर संशय बळावतो. सीटी स्कॅनमध्ये पू दिसला. श्वास व्यवस्थित असेल आणि पू थोडा असेल, तर एक-दोन दिवस शिरेतून अँटिबायोटिक देऊन वाट पाहतात. पुष्कळांचं त्यावरच भागतं. आमच्या मुलाचा ताप हटेना, म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञांनी भूल देऊन तोंडातूनच पू काढला. बाहेरून टाका नाही.

घाई यासाठी करायची की सूज वाढली तर श्वासाची वाट अडते, आणि गळू आतच फुटलं तर पू फुप्फुसात जाऊ शकतो. म्हणून घरी चमच्याने जीभ दाबून घसा बघू नका. मुलाला आडवं पाडू नका. ते ज्या स्थितीत बसलंय तसंच मांडीवर राहू द्या. भूल द्यावी लागू शकते, तेव्हा निघताना बळंच काही खाऊ-पिऊ घालू नका. श्वास घेताना घरघर किंवा शीळ घातल्यासारखा आवाज येत असेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, तर थेट १०८ लावा. रुग्णालयाच्या दारात नुसतं 'घसा दुखतोय' म्हणू नका. 'ताप आहे, मान वळवत नाही, लाळ गिळत नाही' असं तिन्ही एका दमात सांगा, म्हणजे रांगेत बसवत नाहीत.

घरी आल्यावर अँटिबायोटिक ठरवून दिलेले सगळे दिवस द्यायचं असतं, मूल खेळायला लागलं तरीही. पू पुन्हा साठू शकतो, म्हणून ताप परत आला किंवा मान परत कलली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच डॉक्टरांकडे जायचं.