दूध पिऊन बाळ कळवळतं तेव्हा

कर्जत-खालापूरच्या बौद्धवाड्यांत बाळंतिणीच्या भेटीला गेलो की एक वाक्य हमखास कानावर येतं, "ताई, बाळाला गॅस झालाय." दूध पिऊन झालं की बाळ पाय पोटाशी ओढतं, तोंड लालबुंद करतं आणि किंचाळतं. मग घरात धावपळ सुरू होते. आजी सहाणेवर घुटी उगाळते, काका नेरळच्या मेडिकलमधून ग्राईप वॉटर आणतो, शेजारीण म्हणते दृष्ट लागली. या सगळ्यात बाळ दूध पितं कसं, ते मात्र कुणी पाहत नाही. पोटातली बरीचशी हवा तिथूनच आत जाते.

बाळाच्या पोटातली हवा दोन प्रकारची असते. दुधाबरोबर गिळलेली हवा जठरात, म्हणजे पोटाच्या वरच्या भागात असते. तीच ढेकरेने बाहेर येते. दूध पचताना खाली आतड्यात जो वायू तयार होतो तो खालूनच जातो, कितीही पाठ थोपटली तरी वर येत नाही. बाळ उताणं असलं की जठराचं वरचं तोंड दुधाखाली बुडतं आणि हवा दुधाच्या वर अडकते. बाळाला उभं धरलं की हवा वर त्या तोंडापाशी येते आणि बाहेर पडते. ढेकर काढणं म्हणजे एवढंच.

गेल्या पावसाळ्यात कर्जतजवळच्या एका वाडीत पाच आठवड्यांची मुलगी पाहिली. रोज संध्याकाळी सहा ते नऊ रडायची, दूध ओकायची. घरच्यांनी आठवडाभर ग्राईप वॉटर दिलं होतं. आईच्या ताटातून वालाचं बिरडं आणि डाळ बंद केली होती. नुसता भात आणि कढी. आम्ही आधी कार्ड बघितलं. जन्माचं वजन २ किलो ८०० ग्रॅम, त्या दिवशी अंगणवाडीच्या काट्यावर ३ किलो ७५०. लघवी दिवसातून सात-आठ वेळा. म्हणजे दूध पुरत होतं आणि अंगी लागत होतं. झोपलेली असताना पोटाला हात लावला, मऊ होतं. मग आईला म्हटलं, आमच्यासमोर पाज.

पाच मिनिटांत तीन गोष्टी दिसल्या. आई वाकून स्तन बाळाच्या तोंडाशी नेत होती, त्यामुळे बाळाच्या तोंडात नुसती बोंडी होती. पिताना 'चक् चक्' आवाज येत होता आणि गालाला खळी पडत होती. आवाज आला म्हणजे पकड सुटतेय आणि हवा आत जातेय. दुसरं, पाचच मिनिटांनी आई बाजू बदलत होती. सुरुवातीचं दूध पातळ आणि साखरेचं जास्त असतं, मागाहून दाट, स्निग्ध दूध येतं. दोन्हीकडचं नुसतं पातळच भरपूर गेलं तर ते आतड्यात आंबतं, वायू धरतो आणि शी फेसाळ, हिरवट होते. त्या मुलीची तशीच होत होती. तिसरं, पिणं संपताच तिला थेट झोळीत टाकत होते.

आईला भिंतीला टेकून बसवलं, मांडीवर उशी दिली. बाळाचं पोट आईच्या पोटाला आणि नाक बोंडीच्या समोर. बाळाने मोठा आ करेपर्यंत थांबायचं आणि मग बाळाला स्तनाकडे आणायचं, स्तन बाळाकडे न्यायचा नाही. हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, काळ्या भागाचा खालचा भाग जास्त तोंडात. आवाज बंद झाला. एक बाजू बाळ आपणहून सोडेपर्यंत पाजायची, मग ढेकर, मग हवी असेल तर दुसरी बाजू. ग्राईप वॉटर थांबवलं, वाल आणि डाळ परत ताटात आली. चार दिवसांनी गेलो तेव्हा ओकणं बरंच कमी झालं होतं, शी पिवळी होती. संध्याकाळचं रडणं मात्र होतं, तीन तासांचं दीड तासावर आलं होतं. ते का, ते पुढे सांगतो.

ढेकर काढायच्या तीन पद्धती आम्ही दाखवतो. कुठलीही चालते, ज्या हाताला जमेल ती.

पहिली खांद्यावर. बाळाला उभं धरून त्याची हनुवटी आपल्या खांद्यावर टेकवा आणि खांद्यावर जुनं सुती फडकं टाका. एक हात बाळाच्या कुल्ल्याखाली, दुसरा पाठीवर. मान पडू देऊ नका आणि नाक आपल्या कपड्यात दबत नाही ना ते बघा. बाळ थोडं वर घेतलं की त्याच्या पोटावर आपल्या खांद्याचा हलका दाब येतो, हवा पटकन सुटते.

दुसरी मांडीवर बसवून. सिझर झालेल्या आईला ही सोपी, कारण टाक्यांवर भार येत नाही. बाळाला आडवं, आपल्या मांडीवर बसवा, किंचित पुढे झुकवा. एका हाताचा तळवा त्याच्या छातीवर आणि बोटांनी जबडा धरा. इथेच बायका चुकतात. अंगठा आणि बोट जबड्याच्या हाडाला हवं, गळ्याला नको. दुसऱ्या हाताने पाठ चोळा.

तिसरी मांडीवर पालथं. बाळ आपल्या दोन्ही मांड्यांवर आडवं, पोट एका मांडीवर, डोकं छातीपेक्षा थोडं वर आणि तोंड एका बाजूला. पालथं असलं की जठराचं तोंड वर येतं, म्हणून खांद्यावर न निघालेली हवा कधी इथे निघते. ही पद्धत आपण जागे असताना, हात पाठीवर असताना. झोपवायचं मात्र नेहमी उताणंच, कारण पालथं झोपवण्यात लहान बाळाचा जीव धोक्यात येतो. झोळीतसुद्धा हनुवटी छातीला टेकत नाही ना ते बघा, गाढ झोपल्यावर सपाट अंथरुणावर ठेवलेलं बरं.

हात हलका हवा. तळवा किंचित पोकळ करून थोपटा किंवा खालून वर चोळा. धपाटे घातल्याने ढेकर येत नाही, दूध मात्र येतं. दोन-तीन मिनिटं पुरे, फार तर पाच. नाही आली तर नाही आली. अंगावरचं नीट पिणाऱ्या बाळाने हवाच कमी गिळलेली असते. रात्री पिता पिता झोपलेल्या बाळाला ढेकरेसाठी हलवून उठवणाऱ्या आज्या आम्ही पाहिल्या आहेत. ते करू नका, खांद्यावर दोन मिनिटं धरा आणि ठेवा.

चंदीगडला ७१ आई-बाळांच्या जोड्यांवर यासंबंधी एक अभ्यास झाला. अर्ध्या आयांना ढेकर काढायला शिकवलं, अर्ध्यांना नाही, आणि तीन महिने लक्ष ठेवलं. ढेकर काढलेल्या बाळांचं कळवळून रडणं कमी झालं नाही, उलट ती दूध जास्त बाहेर टाकत होती. मग आम्ही ढेकर का शिकवतो? कारण जी बाळं हवा गिळतात, विशेषतः बाटलीवरची, त्यांना लगेच बरं वाटताना दिसतं, आणि उभं धरण्यात नुकसान नाही. पण रोजचं संध्याकाळचं रडणं हे बहुतेक वेळा गॅसचं नसतं. ते दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढतं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त होतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. रडताना बाळ हवा गिळतं आणि मग पादतं, म्हणून आपल्याला वाटतं गॅसमुळे रडत होतं. अशा वेळी बाळाला छातीशी उघड्या अंगाने घ्या, दिवा मंद करा, फेऱ्या मारा. पाठीवर ठेवून पाय सायकलसारखे हलवा. पोटावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने तेलाचा हात फिरवा, पण पाजल्या पाजल्या नाही. आई थकली की बापाने घ्यावं. त्यालाही खांदा आहे.

कर्जत लोकलने किंवा खोपोलीच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या आईचं बाळ घरी आजीकडे असतं. काढून ठेवलेलं अंगावरचं दूध वाटी-चमच्याने पाजलं तर उत्तम. बाटलीच असेल तर ती उलटी केल्यावर थेंब थेंब पडायला हवं, धार लागली तर भोक मोठं आहे. बाटली इतकी तिरकी धरा की बुचात दूधच भरलेलं राहील. दर ३०-४० मिलीनंतर थांबून ढेकर काढा. डब्याची पावडर हलवून केली असेल तर फेस बसू द्या.

आता तोंडात काय घालू नये. ग्राईप वॉटर १८५१ मध्ये इंग्लंडात विल्यम वुडवर्ड यांनी काढलं. त्या जुन्या औषधात साखर आणि चक्क दारूचा अंश होता, बाळ गप्प झालं यात नवल नाही. आज दारू नसते, पण गुण येतो याचा पुरावाही नाही, आणि सहा महिन्यांखालच्या बाळाच्या पोटात दुधाव्यतिरिक्त काहीच नको. घुटीची सहाण आणि पाणी स्वच्छ नसेल तर जुलाब ठरलेले, आणि जायफळ जास्त उगाळलं तर बाळ सुस्त पडतं. मध एक वर्षापर्यंत नाही. हिंग पोटात नाही. अंगारा चाटवायचाही नाही, आणि डागायचं तर मुळीच नाही. मेळघाटात पोटफुगीवर गरम विळ्याने डागण्याची प्रथा आहे. २०२५च्या फेब्रुवारीत तिथल्या चिखलदरा तालुक्यात २२ दिवसांच्या बाळाला असं डागल्याचं उघड झालं.

आईच्या ताटातली डाळ तोडू नका. वालाने आईच्या आतड्यात वायू होईल, तो दुधात उतरत नाही. बाळंतिणीची डाळ काढली तर तिची ताकद जाते.

आणि हे गॅसचं नाही, हे ओळखा. खोपोलीकडचं एक सात आठवड्यांचं बाळ दर वेळी पिऊन झालं की कारंज्यासारखं ओकायचं आणि लगेच पुन्हा भुकेने रडायचं. घरात आठ दिवस गॅस समजून शेक चालला होता. वजन वाढायच्या ऐवजी कमी झालं, लघवी दोन-तीनदाच. जठराचं खालचं तोंड आवळलं होतं, मुंबईला नेऊन शस्त्रक्रिया करावी लागली. बाळ आता चालतंय. ओठांवरून ओघळणारं दूध साधं, दूरवर उडणारी उलटी साधी नाही.

हिरवी उलटी, फुगून ताठ झालेलं पोट, शीतून रक्त, पिणं सोडणं, मलूल होणं, दोन महिन्यांखालच्या बाळाला ताप किंवा अंग गार पडणं, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, यातलं एकही असेल तर रात्र काढू नका. कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय, कशेळे किंवा चौकचं ग्रामीण रुग्णालय, जे जवळ असेल ते गाठा. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात उपचार आणि गाडी मोफत आहे. १०२ला फोन करा, नाही लागला तर १०८. आशाताई जन्मानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येते, तेव्हा तिला बसवून एकदा तिच्यासमोर पाजा. डॉक्टरांना नुसतं "गॅस झालाय" असं सांगू नका. किती वेळा ओकलं, कोणत्या रंगाचं, दिवसभरात लघवी किती वेळा झाली आणि शेवटचं वजन किती, हे चार आकडे सांगा आणि कार्ड सोबत न्या.