घरचा पत्ता संकेतस्थळावर द्यावा का?

प्रश्न : फुलंब्रीत घरूनच मसाले ऑनलाइन विकते. फूटरमध्ये फक्त व्हॉट्सअॅप नंबर आहे. एवढं पुरेसं आहे का?

उत्तर : नाही, ताई. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार व्यवसायाचं कायदेशीर नाव, मुख्य पत्ता, ग्राहकसेवेचा ईमेल-फोन आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा व संपर्क ठळक दिसायला हवेत. तो अधिकारी तुम्ही स्वतःही असू शकता. मात्र तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिनाभरात व्हायला हवं. ‘घरगुती धंदा आहे’ ही सबब चालत नाही, कारण नियमित विक्री नियमांत येते. घरचा पत्ता उघड करण्याची भीती रास्त आहे. त्यासाठी गाळा भाड्याने घेऊन तोच व्यवसायाचा पत्ता म्हणून नोंदवता येईल. पण पत्ता लपवून वाद टळत नाही : 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने नागपूरचा ग्राहक नागपूरच्याच आयोगात दाद मागू शकतो. ‘माल परत घेतला जाणार नाही’ अशी ओळ असेल, तर तीही काढा. फुटक्या पाकिटातून सांडलेल्या तिखटाचे पैसे नाकारता येत नाहीत. त्याऐवजी लिहा : ‘खराब माल आल्यास फोटो पाठवा, सात दिवसांत पैसे परत.’ आणि ते सात दिवस पाळा.