घोडा हलला, हिशेब चुकला

हाताने लिहिलेलं इव्हॅल्युएशन काढून तिथे छोटं न्यूरल नेटवर्क बसवताना बहुतेकांची झोप उडते ती नेटवर्कच्या आकारावरून. माझ्या मते चिंता करायची ती जोडणीची. मिनिमॅक्समध्ये चूक असेल तर चाल उघड वेडगळ येते. जोडणी चुकली तर इंजिन खेळत राहतं, नुसतं थोडं वाईट खेळतं, आणि दोष मात्र ट्रेनिंगवर जातो.

साधी रचना घ्या: आपले सहा प्रकारचे मोहरे, प्रतिस्पर्ध्याचे सहा आणि चौसष्ट घरं, म्हणजे 768 इनपुट, पुढे 256 न्यूरॉन. पट भरलेला असताना पहिला थर नव्याने मोजायचा तर 32 मोहऱ्यांसाठी 8192 बेरजा लागतात. पण घोडा g1 वरून f3 वर गेला तर दोनच इनपुट बदलतात. म्हणून बेरीज जपून ठेवायची, जुन्या घराचं वजन वजा करायचं, नव्याचं मिळवायचं: 512 क्रिया. यू नासू यांनी 2018 मध्ये शोगीसाठी मांडलेल्या आणि 2020 मध्ये स्टॉकफिश 12 ने उचललेल्या पद्धतीचा जीव यातच आहे. नेटवर्कमुळे सेकंदाला कमी स्थिती तपासल्या जातात हा आक्षेप खरा आहे; स्टॉकफिशचाही वेग घटला, तरी ताकद वाढली.

गोम अशी की हा हिशेब दोन्ही बाजूंच्या नजरेतून ठेवावा लागतो. `a1` ला 0, प्याद्याला 0, घोड्याला 1 धरलं, तर पांढऱ्याच्या नजरेतून 70 जातो आणि 85 येतो. काळ्याच्या नजरेतून तोच घोडा शत्रूचा, आणि पटही वरखाली उलटलेला:

```
(6+1)*64 + (6^56)  = 510   // जातो
(6+1)*64 + (21^56) = 493   // येतो
```

इथे `^56` विसरलात तर काहीच कोसळत नाही. नेटवर्क आतून कळत नाही, मग चूक सापडणार कशी, असं कुणी विचारेल. त्यासाठी आत डोकवायची गरजच नाही. रंग आणि पट उलटवलेल्या स्थितीचा आकडा तोच आला पाहिजे, आणि चालीगणिक जपलेली बेरीज नव्याने मोजलेल्या बेरजेशी तंतोतंत जुळली पाहिजे. वजनं पूर्णांकांत असतील तर इथे एकाचाही फरक माफ नाही. एन-पासां, बढती आणि कॅसलिंग या तपासात हमखास हवीत. कॅसलिंगमध्ये चार इनपुट बदलतात, हे विसरायला होतं.

उरला ट्रेनिंगचा डेटा. वजीर पुढच्याच चालीत मारला जाणार अशी स्थिती आणि तिचा सर्चमधून आलेला आकडा नेटवर्कला दिलात, तर एका चालीचा डावपेच त्याला स्थिर चित्रातून ओळखायला सांगता. ते काम क्विएसन्स सर्चचं. शह असलेल्या आणि सर्वोत्तम चाल मारामारीची असलेल्या स्थिती गाळा. डेटा कमी होतो ही तक्रार मला पटत नाही, कारण स्वतःशी खेळवून तो हवा तितका काढता येतो. आणि नेटवर्कचा 100 म्हणजे एक प्यादं नव्हे. तुमच्या छाटणीतल्या मर्यादा जुन्या मापाने बेतलेल्या असतात, त्या नव्या मापाने बसवल्याशिवाय जुन्या-नव्याचा सामना लावू नका.