नंबर महिना सांगतो, साल कागदच सांगतो

आमच्या विंगमध्ये एकाकडे आजोबांची जुनी सीको ५ आहे. खोका नाही, कागद नाहीत. "नंबर आहे ना पाठीवर, मग झालं!" असं तो म्हणतो. त्या नंबरातून किती कळतं ते बघू.

मागच्या झाकणावर दोन नंबर असतात. एक ७००९ ने सुरू होतो. हे चार आकडे म्हणजे आतल्या मशीनचा प्रकार. दुसरा सहा आकडी सिरीयल, समजा ८४१५६२. यातला पहिला आकडा सालाचा शेवटचा अंक आणि दुसरा महिना (ऑक्टोबरपासून पुढे ओ, एन, डी ही अक्षरं). म्हणजे एप्रिल, पण साल १९७८ की १९८८? हे मशीन दोन्ही दशकांत बनत होतं, त्यामुळे नंबर इथे गप्प बसतो. दुकानदाराने तारीख घालून दिलेलं वॉरंटी कार्ड किंवा बिल असतं, तर प्रश्नच मिटला असता.

दुसरी अडचण मोठी आहे. झाकण फिरवलं की निघतं, आणि दुसरं बसवताही येतं! आपल्याकडे जुन्या सीकोच्या डायल सर्रास रंगवून विकल्या जातात. परदेशातले शौकीन त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. म्हणून घड्याळजीकडून झाकण उघडून मशीनवरही ७००९ च आहे ना ते पाहावं. डायलच्या खालच्या काठावरच्या बारीक अक्षरांतही हाच आकडा हवा. रंगवलेल्या डायलवर तो बहुधा गायब असतो नाहीतर फासलेला.

गिऱ्हाईक हाच हिशोब करतं. समजा घड्याळ अस्सल असेल तर ८००० रुपयांचं, जोडजमाव असेल तर ३००० चं, आणि शक्यता निम्मी-निम्मी. तो ५५०० च्या वर जाणार नाही. घड्याळ तेच, पण २५०० रुपये शंकेपोटी गेले. नंबर लिहिलेलं कार्ड ही शंका बरीच कमी करतं. नुसता खोका मात्र फारसं काही सिद्ध करत नाही. रिकामे खोके वेगळे विकत मिळतात.

विम्यात गोष्ट आणखी अवघड होते, कारण तिथे घड्याळच समोर नसतं. चोरी झाल्यावर घड्याळ होतं, ते तुमचंच होतं आणि एवढ्या किमतीचं होतं, हे तुम्हालाच दाखवायचं असतं. पोलिसांकडच्या तक्रारीत "सोनेरी सीको" लिहिलं, तर तसल्या घड्याळांत आपलं कुठलं हे कोण ओळखणार? तक्रारीत सिरीयल हवा, आणि तो चोरीनंतर वाचता येत नाही. बिल नसेल तर जाणकार दुकानदाराकडून नंबरासकट किमतीचा दाखला आधीच घेऊन विमा कंपनीला द्यावा. पॉलिसीत घड्याळ वेगळं नोंदवावं लागतं का, आणि हॉस्टेलमधली चोरी धरतात का, हेही तेव्हाच विचारावं.

आणि एक. खोका, कार्ड आणि घड्याळ एकाच ट्रंकेत ठेवलं तर तिन्ही एकदमच जातात. कार्ड घरी ठेवा आणि पाठ, डायल, कार्ड यांचे फोटो स्वतःला मेल करून ठेवा.