व्हिडिओ प्रॉम्प्टचे सहा भाग : दुधनीच्या तूर बाजारातील एका क्लिपवरून

व्हिडिओ प्रॉम्प्ट म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या साधनाला दिलेला लेखी मजकूर. त्या मजकुरावरून साधन काही सेकंदांची क्लिप तयार करते. ओपनएआयने ‘सोरा’ या अशाच साधनाची ओळख फेब्रुवारी २०२४ मध्ये करून दिली. मे २०२५ मध्ये आलेल्या गूगलच्या ‘व्हिओ ३’ने चित्रासोबत आवाजही द्यायला सुरुवात केली, त्याची एक क्लिप साधारण ८ सेकंदांची असते. एका ओळीच्या मजकुरावरही ही साधने क्लिप देतात आणि नवशिक्याची फसगत इथेच होते. मजकुरात जे सांगितलेले नाही, ती जागा साधन मोकळी ठेवत नाही, आपल्या अंदाजाने भरते. ‘सोरा’ची माहिती देतानाच ओपनएआयने सांगितले होते, की वापरणाऱ्याचा छोटा मजकूर आधी दुसऱ्या भाषा-मॉडेलकडून लांब आणि तपशीलवार करून घेतला जातो आणि मगच त्यावरून चित्र बनते. म्हणजे तपशील येणारच असतात. ते कोणी ठरवायचे एवढाच प्रश्न उरतो.

अक्कलकोट तालुक्यातील दुधनी हे कर्नाटकच्या सीमेला लागून असलेले, सोलापूर-वाडी लोहमार्गावरचे बाजाराचे गाव. पलीकडे कलबुर्गी जिल्ह्याचा तुरीचा पट्टा असल्याने इथल्या बाजारात तुरीला मोठे स्थान आहे. ‘दुधनीच्या बाजारात तुरीचा सौदा चालू आहे’ एवढेच लिहून पाहिले तर काय येते, हे पाहण्यासारखे असते. रंगीबेरंगी मसाल्यांच्या राशी, फेटेवाल्या म्हाताऱ्यांची गर्दी, सगळीकडे पिवळसर धुरकट ऊन, कोणत्याच लिपीत न बसणाऱ्या अक्षरांच्या पाट्या, आणि वरून तरंगत जाणारा कॅमेरा. तुरीच्या जागी तर पिवळी डाळच पडलेली असते. भारतातला बाजार म्हटले की साधनाला शिकवताना वापरलेल्या चित्रांमध्ये जे वारंवार आले, तेच साधन पुढे करते. दुधनीचे त्यात काहीच नसते.

म्हणून मजकुराचे सहा भाग करावेत : विषय, कृती, स्थळ, कॅमेरा, प्रकाश आणि शैली. कोण किंवा काय दिसते, ते काय करते, कुठे, कुठून पाहिले जाते, उजेड कसा आहे आणि एकूण रूप कोणते, अशी ही सहा उत्तरे. ही शीर्षके लिहिलीच पाहिजेत असा कोणत्याही साधनाचा नियम नाही. सलग परिच्छेदही चालतो. फायदा लिहिणाऱ्यालाच असतो. कोणता भाग कोरा राहिला हे लगेच दिसते आणि क्लिप बिघडली तर दुरुस्ती कुठे करायची हे कळते.

विषय एकच ठेवावा आणि तो डोळ्यांना दिसेल असा लिहावा. ‘कष्टाळू हमाल’ यातला कष्टाळूपणा चित्रात उतरत नाही. ‘पन्नाशीचा सडपातळ हमाल, विटका निळा शर्ट, गुडघ्याखाली येणारी खाकी चड्डी, खांद्यावर पांढरा पंचा’ हे उतरते. वस्तूंचेही तसेच. नुसते ‘तूर’ लिहिले की साधन डाळीकडे घसरते; इंग्रजी मजकुरात तूर डाळ असा शब्द गेला तर हमखास. तेव्हा दाण्याचेच वर्णन द्यावे : अख्खी, सालासकट, तांबूस तपकिरी, हरभऱ्याहून लहान, गोलसर दाणे. एकाच माणसाच्या दोन क्लिपा हव्या असतील तर हे वर्णन दुसऱ्या मजकुरात शब्द न बदलता जसेच्या तसे घ्यावे. वेगवेगळ्या मजकुरांवरून काढलेल्या क्लिपांत साधन आधीचा चेहरा आपणहून जपत नाही. ‘विटका निळा’चे ‘फिकट आकाशी’ केले तरी माणूस बदलू शकतो.

सर्वांत जास्त नुकसान कृतीच्या भागात होते. हमाल टेम्पोतून पोते उतरवतो, पाठीवर घेऊन ओट्यापर्यंत येतो, तोंडाची शिवण उसवतो आणि तूर ओततो, ही चार कामे एका वाक्यात सहज मावतात. ८ सेकंदांत मावत नाहीत. साधन मात्र नाही म्हणत नाही. ते चारही कामे कोंबते. मग पोते पाठीवरून एकदम जमिनीवर आलेले दिसते, शिवण न उसवताच दाणे वाहू लागतात, हात पोत्याच्या आरपार जातो. यावर उपाय सोपा आहे. हातात घड्याळ धरून ती हालचाल स्वतः करून पाहावी. जेवढी ८ सेकंदांत सावकाश होते तेवढीच लिहावी आणि तिची सुरुवात, हालचाल व शेवट असे तीन टप्पे सांगावेत : पोत्याचे तोंड आधीच उघडे आहे, हमाल ते दोन्ही हातांनी तिरके करतो, दाणे ओघळून आधीच्या ढिगावर पडतात आणि शेवटी पोते अर्धे रिकामे दिसते. ‘सुरुवातीला तोंड उघडे’ हे तीन शब्द शिवण उसवण्याचे काम वाचवतात.

क्रियापदही दिसणारे हवे. ‘सौदा होतो’ किंवा ‘दर ठरतो’ हे बाजारात सर्वांना कळते, पण चित्रात त्याचे काय काढायचे हे साधनाला कळत नाही. ‘अडत्या ओंजळभर तूर घेतो आणि अंगठ्याने दाणे पसरून पाहतो’ असे लिहिले की काम होते. मात्र अडत्याला घ्यायचे तर हमाल पुढच्या क्लिपसाठी ठेवावा.

स्थळाच्या भागात तीन-चार गोष्टी पुरतात, पण त्या कुठे आहेत हे सांगावे लागते. पायाखाली सिमेंटचा ओटा, डोक्यावर पत्र्याचे उंच शेड, मागे शिवलेल्या पोत्यांची थप्पी, आणि एक बाजू अंगणाकडे उघडी. ‘गर्दी नको, फेटे नकोत’ असे लिहिणे धोक्याचे असते. मजकुरात नाव आले की ती वस्तू चित्रात शिरण्याची शक्यता वाढते. काही साधनांत नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळी चौकट असते. ती असेल तर यादी तिथे द्यावी. नसेल तर होकारार्थी लिहावे : ‘ओट्यावर हमाल एकटाच आहे’. पाट्यांवरच्या अक्षरांची अपेक्षा ठेवू नये. देवनागरी जोडाक्षरे फार वेळा मोडकी येतात. दुकानाचे किंवा गावाचे नाव दाखवायचे असेल तर क्लिप तयार झाल्यावर संपादनात वेगळे टाकावे.

कॅमेऱ्याबद्दल तीन गोष्टी ठरवायच्या असतात : चौकट किती मोठी, डोळा किती उंचीवर, आणि हालचाल कोणती. चौकटीचा आकार बाकीच्या भागांशी जुळला पाहिजे. ‘दाण्यांचा क्लोजअप’ लिहून खाली पत्र्याचे शेड आणि मागची थप्पी सांगितली तर दोन्ही एका चौकटीत बसत नाहीत. साधन एक गोष्ट गाळते किंवा मध्येच दृश्य बदलते. हमाल, पोते आणि ढीग तिन्ही दिसायचे तर मिड शॉट घ्यावा, कॅमेरा कमरेच्या उंचीवर ठेवावा. हालचाल एकच असावी. पॅनमध्ये कॅमेरा जागच्या जागी डावी-उजवीकडे वळतो, टिल्टमध्ये जागच्या जागीच वर-खाली कलतो, आणि डॉलीमध्ये स्वतःच पुढे किंवा मागे सरकतो. झूममध्ये कॅमेरा हलत नाही, फक्त चौकट आवळते किंवा रुंदावते. नवशिक्यांच्या मजकुरात हे सारे एकाच ओळीत येते आणि क्लिप डोळ्यांना शिणवते. हमाल हालचाल करत असताना कॅमेरा स्थिर ठेवणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे, कारण दोष कृतीत आहे की कॅमेऱ्यात हे तेव्हाच ओळखता येते.

प्रकाशासाठी ‘सुंदर प्रकाश’ असे लिहिण्याला अर्थ नाही. उजेड कशाचा, कोणत्या बाजूने आणि कडक की मऊ, एवढे सांगावे. तुरीची आवक जोरात असते ती जानेवारीच्या सुमाराला. तेव्हा सकाळी ऊन तिरपे येते आणि शेडच्या उघड्या बाजूने ओट्यावर पडते. आतला भाग सावलीत राहतो. इथे कॅमेरा कुठे आहे हे पाहावे लागते. तो आतून अंगणाकडे तोंड करून असेल तर मागचा उजेड प्रखर होऊन हमाल काळी आकृती होतो. उघडी बाजू कॅमेऱ्याच्या डाव्या हाताला ठेवली की ऊन चेहऱ्यावर आणि ओघळणाऱ्या दाण्यांवर आडवे पडते; दाण्यांचा गोलावा आणि उडणारी धूळ दोन्ही दिसतात.

शैली एका ओळीत संपवावी. ‘माहितीपटासारखे वास्तव चित्रण, नैसर्गिक रंग’ पुरे. त्याला ‘सिनेमॅटिक, भव्य, स्वप्नवत’ जोडले की वरच्या पाच भागांत घातलेली सगळी मेहनत पुसली जाते आणि ते पिवळे धुरकट ऊन परत येते.

पूर्ण मजकूर असा होतो :

```
विषय: पन्नाशीचा सडपातळ हमाल, विटका निळा शर्ट,
खाकी चड्डी, खांद्यावर पांढरा पंचा. गोणपाटाचे
पोते; त्यात अख्खे, सालासकट, तांबूस तपकिरी तुरीचे दाणे.
कृती: सुरुवातीला पोत्याचे तोंड उघडे आहे. तो पोते
दोन्ही हातांनी सावकाश तिरके करतो, दाणे ढिगावर
ओघळतात. शेवटी पोते अर्धे रिकामे.
स्थळ: सिमेंटचा ओटा, वर पत्र्याचे शेड, मागे पोत्यांची
थप्पी, डावी बाजू उघडी. हमाल एकटाच.
कॅमेरा: मिड शॉट, कमरेच्या उंचीवर, स्थिर.
प्रकाश: हिवाळ्यातील सकाळचे तिरपे ऊन डावीकडून,
मागचा भाग सावलीत.
शैली: माहितीपटासारखे वास्तव, नैसर्गिक रंग.
```

साधनाला मराठी नीट कळत नसेल तर हाच मजकूर त्याच क्रमाने इंग्रजीत करावा.

क्लिप आली की ती थांबवत थांबवत पाहावी. पोते रिकामे होते तसा ढीग वाढतो का, दाणे सुटे पडतात की पाण्यासारखे वाहतात, बोटे पाचच राहतात का, शर्टाचा रंग टिकतो का. ओघळणारे धान्य या साधनांना अजून जड जाते, म्हणून ढिगाकडे आधी पाहावे. दोष दिसल्याबरोबर सगळा मजकूर बदलू नये. तोच मजकूर पुन्हा एकदा चालवावा, कारण त्याच शब्दांतून दर वेळी वेगळी क्लिप निघते. दोष दुसऱ्यांदाही आला तर तो मजकुरातला समजावा आणि फक्त त्या भागातले एक वाक्य बदलावे. प्रकाश आणि कॅमेरा एकदम बदलले की सुधारणा कशाने झाली हे कळत नाही. साधनात सीड क्रमांक ठरवण्याची सोय असेल तर तो कायम ठेवून तुलना करणे सोपे जाते.

एवढे करूनही जे शेड दिसेल ते दुधनीचे नसते, कुठल्याही बाजारातले असते. गावाचे नाव लिहिल्याने गाव येत नाही. खरा ओटाच हवा असेल तर मोबाइलने त्याचा फोटो काढून तो पहिली चौकट म्हणून द्यावा. ही सोय बहुतेक साधनांत आहे. फोटोत ओळखू येणारा माणूस असेल तर त्याची परवानगी आधी घ्यावी. मग विषय, स्थळ, प्रकाश आणि शैली फोटोतूनच येतात आणि त्यांचे वर्णन पुन्हा लिहू नये, कारण फोटोतला शर्ट पांढरा आणि मजकुरातला निळा असला की क्लिपच्या मध्यावर त्याचा रंग बदलू लागतो. अशा वेळी मजकुरात दोनच भाग उरतात : कृती आणि कॅमेरा.